बाटलीतली उतरंड

विज्ञान आलं की जात आपोआप जाईल, असं केदारखेड्यातली आमची काही शिकलेली पोरं म्हणतात. मित्रांनो, अल्डस हक्सलेची १९३२ सालची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' एकदा वाचा. तिथं विज्ञानच जात बनवतं.

त्या जगात भूक नाही, लढाई नाही, म्हातारपणाचे हाल नाहीत. दुःख वाटलं तर सरकार सोमाच्या गोळ्या देतं. पण माणूस बाटलीत वाढतो आणि अल्फा ते एप्सिलॉन अशा पाच पायऱ्यांवर आधीच बसवला जातो. खालच्या गर्भाला प्राणवायू कमी देतात, म्हणजे मेंदू खुरटतो. डेल्टांच्या रांगत्या लेकरांपुढे पुस्तकं आणि फुलं मांडतात. लेकरं हात लावतात तोच भोंगे वाजतात, विजेचे झटके बसतात. असं दोनशे वेळा. मग ती जन्मात पुस्तकाजवळ जात नाहीत. आपल्याकडं हे काम बिनविजेचं झालं, एवढाच फरक.

बीटांना झोपेत शिकवतात की अल्फांना फार राबावं लागतं, आणि डेल्टा तर वाईटच. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं, ती हीच. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी असतो, म्हणून उतरंड कुणीच फोडत नाही.

हे सगळं कशासाठी? तिथला सत्ताधारी मुस्तफा माँड सायप्रस बेटाचा दाखला देतो. तिथं बावीस हजार नुसते अल्फा वसवले. हलकं काम कुणालाच नको होतं. सहा वर्षांच्या आत यादवी झाली, एकोणीस हजार मेले. म्हणून म्हणे खालची माणसं लागतातच.

हा पुरावा मला खोटा वाटतो. ते अल्फा वरचेपणाच्याच शिकवणीत वाढलेले होते. हलक्या कामाची किळस त्यांच्यात आधीच भरली होती. त्या बेटावर समतेची परीक्षा झालीच नाही, झाली ती उच्चवर्णीय मनाची. शिवाय माँड स्वतःच कबूल करतो की कष्ट वाचवणाऱ्या युक्त्यांचा शोधांच्या कचेरीत ढीग पडलाय, पण त्या वापरायच्या नाहीत. म्हणजे एप्सिलॉन कामासाठी लागत नाही. तो वरच्यांची जागा पक्की राहावी म्हणून लागतो.

हक्सलेचीही एक मर्यादा आहे. त्याचं पुस्तक अल्फा बर्नार्ड आणि हेल्महोल्ट्झ यांच्या घुसमटीवर पानंच्या पानं खर्च करतं. एप्सिलॉनच्या वाट्याला जेमतेम एक प्रसंग येतो. लिफ्ट चालवणारा एक एप्सिलॉन वर पोचतो, ऊन दिसतं, आणि हरखून 'गच्ची! गच्ची!' म्हणतो. लगेच घंटा वाजते, खाली जाण्याचा हुकूम येतो. एवढं करूनही त्याच्यातली उजेडाची ओढ मेलेली नाही. त्या सुखी जगाची खरी किंमत इथं कळते, आणि हक्सले नेमका इथंच लिफ्टचं दार लावून घेतो. त्या माणसाच्या बाजूनं ही गोष्ट लिहिली जायला हवी.