पाइपावरचा पाय

सौंसरच्या आमच्या बगीच्यात मामा संत्र्याच्या आळ्यांना पाइपनं पाणी देत. एका उन्हाळ्यात मामेभावानं मागून पाइपावर पाय दिला. पाणी थांबलं, पण हा आधीच फिसकन हसला. मामांनी मागं वळून पाहिलं आणि खेळ संपला. कोणीच हसलं नाही.

हाच विनोद ल्युमिएर बंधूंच्या १८९५ सालच्या मूकपटात आहे. मिनिटभराचाही नाही. मागच्या महिन्यात पांढुर्ण्याला आत्याला तो मोबाइलवर दाखवला. माळी झाडांना पाणी देतोय. त्याच्या पाठीमागून एक पोरगा येतो, पाइपावर पाय ठेवतो. धार आटते. आत्या लगेच म्हणाली, "अवं, मागं पाहा म्हणा त्याले!" माळी मागं पाहत नाही. तो पाइपाचं तोंड डोळ्यांसमोर धरतो. पोरगा पाय उचलतो.

पाणी तोंडावर उडतं तेव्हा आपण हसतो खरं, पण हसू तयार होतं त्याच्या आधी. पाय पाइपावर पडला की आपल्याला सगळं कळतं आणि माळ्याला काहीच कळत नाही. तो काही मूर्ख नाही. धार बंद झाली तर कोणीही तोंडच तपासेल. त्याची शहाणी कृतीच त्याला फसवते. म्हणून पोरानं थांबायला हवं. माळी वाकण्याआधी पाय उचलला तर पाणी नुसतं पुन्हा सुरू होईल. फार वेळ थांबला तर माळी पाइप तपासत मागं येईल. पाय उचलायचा तो चेहरा पाइपावर आला की, तेव्हाच. आमच्या भावाचं हेच चुकलं. त्यानं मामांना वाकूच दिलं नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. तो जागचा हलत नाही. माळी, पाइप आणि पोरगा एकाच चौकटीत दिसतात. नुसता माळ्याचा चेहरा जवळून दाखवला असता तर पाणी उडाल्यावर आपण दचकलो असतो, पण वाट पाहिली नसती. गंमत त्या वाट पाहण्यात आहे, आणि तिला भाषा लागत नाही. म्हणून आत्याला कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

मात्र हे चित्र बिघडवता येतं. तेव्हाचे कॅमेरे हातानं फिरवत, सेकंदाला साधारण १६ चित्रं. पुढं तीच फीत २४ च्या वेगानं दाखवू लागले. मग तीन सेकंदांचा थांबा दोनच सेकंदांचा होतो. माणसं तुरुतुरु पळतात, आणि लोक समजतात की जुना विनोद म्हणजे हीच धावपळ. माळी पाइपात डोकावतोय न डोकावतोय तोच पाणी उडतं. आत्याला "मागं पाहा" म्हणायला सवडच मिळत नाही.

जुना मूकपट पाहताना मी आता एवढंच तपासते: माणसं चालतात ती माणसांसारखी का? तशी चालत असतील तर थांबा शाबूत आहे.

आत्यानं तो पुन्हा लावायला सांगितला. शेवट माहीत होता, तरी ती पुन्हा म्हणालीच, "अवं, मागं पाहा!"