'परिवेश तापमान' या संज्ञेविषयी: किनाऱ्यावरील यंत्रपेटीच्या औष्णिक प्रतिरूपणाची समीक्षा

विद्युत्-उपकरणाची पेटी किंवा तिच्यातील हीट सिंक पुरेशी थंड राहील की नाही, हे आज बहुधा संगणकावरील प्रतिरूपणाने ठरविले जाते. अशा प्रतिरूपणाच्या अहवालात लाल-निळ्या रंगांचा नकाशा प्रथम डोळ्यांत भरतो. परंतु निर्णयाचे खरे बीज नकाशात नसून आरंभी भरलेल्या एका ओळीत असते. ती ओळ म्हणजे 'परिवेश तापमान: ३३ अंश'. ही एक संज्ञा तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरली जाते, आणि त्यांतील भेद लोपला की गणित अचूक असूनही उत्तर चुकते.

रायगडच्या किनाऱ्यावर हा भेद विशेष जाचक ठरतो. अलिबाग वा मुरूड येथील मे महिन्याच्या दुपारचे तापमान ३३ अंशांच्या आसपास सांगितले जाते, ते वाऱ्याला मोकळ्या आणि सावलीतल्या स्टीव्हन्सन पेटीतील हवेचे असते. भिंतीवर टांगलेल्या यंत्रपेटीला ती हवा लाभते, पण ती सावली लाभत नाही. त्यातच खाऱ्या हवेमुळे पेटीला झरोके ठेवता येत नाहीत; ती बंदच ठेवावी लागते. त्यामुळे आतील हीट सिंकच्या दृष्टीने 'परिवेश' म्हणजे पेटीच्या आतली कोंडलेली हवा होय. बाहेरील हवा, पेटीचा पत्रा आणि आतील हवा ही तीन तापमाने येथे वेगळी मानलीच पाहिजेत.

हे एका काल्पनिक पेटीवर पडताळून पाहता येईल. ४०० मिलिमीटर उंच, ३०० रुंद आणि २०० खोल अशी रंगविलेली पत्र्याची पेटी पश्चिमाभिमुख भिंतीवर बसविली आहे असे समजू. मागची बाजू भिंतीला टेकलेली असल्याने उष्णता सोडणारा पृष्ठभाग ०.४ चौरस मीटर उरतो. आत ४० वॅट उष्णता निर्माण होते. वारा पडलेला असताना उभ्या पत्र्यावरून अभिसरणाने दर चौरस मीटरला दर अंशामागे सुमारे ३.२ वॅट उष्णता जाते, आणि रंगाच्या पृष्ठभागावरून प्रारणाने सुमारे ६.३ वॅट. म्हणजे निम्म्याहून अधिक उष्णता प्रारणाने जाते! प्रतिरूपणात प्रारण गाळणे हा सोयीचा, म्हणून नेहमीचा, दोष आहे. या पेटीत ते गाळले तर पत्रा बाहेरील हवेहून २५ अंश तापलेला दिसेल. धरले तर अवघा साडेदहा अंश. उलट उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमला रंगाइतकी उत्सर्जकता देऊन टाकली, तर चूक विरुद्ध दिशेने होते, आणि ती अधिक घातक, कारण तिच्यामुळे पेटी सुरक्षित भासते.

आता ऊन. उन्हाला सामोरे येणारे क्षेत्र ०.१५ चौरस मीटर, किरणांची तीव्रता दर चौरस मीटरला ८०० वॅट आणि त्यांतील ४० टक्के शोषले जाते असे धरल्यास पेटीवर ४८ वॅटचा भार पडतो. हा भार आतल्या यंत्राच्या उष्णतेहून मोठा आहे. मात्र तो पत्र्यावर पडतो, आतल्या घटकांत नव्हे. म्हणून तो ४० वॅटमध्ये मिळवून सर्व बेरीज आत निर्माण होते असे मानणे अयोग्य. पत्रा आता हवेहून सुमारे २१ अंश वर जातो. पत्र्यापासून आतील हवेपर्यंत आणखी सुमारे १८ अंशांचा फरक पडतो. आतील हवा अशा रीतीने ७२ अंशांवर पोहोचते.

त्या हवेत ८ वॅटचा एखादा घटक हीट सिंकवर बसला आहे. सिंक-हवा रोध दर वॅटला ३ अंश आणि घटकाच्या गाभ्यापासून सिंकपर्यंतचा २ अंश असेल, तर गाभा ११२ अंशांवर जातो. अहवालात परिवेश ३३ धरला असता हाच आकडा ७३ आला असता. गाभ्याची मर्यादा १२५ अंश असल्यास पहिल्या हिशोबात ५२ अंशांची ऐसपैस जागा दिसते, दुसऱ्यात फक्त १३ अंशांची. शेजारच्या विद्युत्-अपघटनी कपॅसिटरचे आयुष्य स्थूलमानाने दर दहा अंशांच्या वाढीस निम्मे होते. त्याचा प्रश्न तर अधिकच कठीण.

प्रतिरूपण विश्वसनीय आहे की नाही, हे ओळखण्याचा मार्ग साधा आहे. आत निर्माण झालेली व उन्हाने आलेली एकूण उष्णता आणि पृष्ठभागावरून गेलेली उष्णता यांचा मेळ प्रथम पाहावा. मग पत्र्यालगतची जाळी बारीक करून उत्तर हलते का ते पाहावे. शेवटी खऱ्या पेटीत तीन ठिकाणी तापयुग्मे बसवावीत: बाहेरील सावलीतल्या हवेत, पत्र्यावर आणि आत हीट सिंकजवळच्या हवेत. तिसरे मापन टाळून केवळ सिंकचे तापमान नोंदविणारे अहवाल पुष्कळ आढळतात. ते वाचताना तक्रार पत्र्याची, आतील हवेची की खुद्द सिंकची, हे कळणे अशक्य होते. नव्या पेटीवरची नोंद दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा घ्यावी लागते, कारण मळलेल्या व उडालेल्या रंगाचे शोषण ४० टक्क्यांवर राहत नाही.