दिसते, पण ऐकू येत नाही : मागाच्या आवाजातली श्रुतिका

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाची ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ ही छोटी नाटिका प्रसारित केली. केवळ ऐकण्यासाठी म्हणून लिहिलेल्या सुरुवातीच्या नाटकांत तिचे नाव नेहमी पहिले घेतले जाते. वेल्समधली कोळशाची खाण पाहायला आलेली माणसे आत असताना दिवे जातात. एक तरुण जोडपे आणि एक वृद्ध गृहस्थ अंधारात अडकतात, पाणी चढू लागते. यानंतरची सगळी घटना अंधारात घडते.

ह्यूजची खरी कल्पकता खाण निवडण्यात आहे. ‘प्रेक्षकाला दिसत नाही’ ही रेडिओची अडचण त्याने पात्रांचीही अडचण करून टाकली. अंधारात चाचपडणारा माणूस ‘तू कुठे आहेस?’ असे विचारतो, ‘हे काय हाताला लागले?’ म्हणतो, आणि ते आपल्याला खोटे वाटत नाही. एरवी श्रुतिकेत हेच प्रश्न कानाला खटकतात. दोन माणसे उजेडात समोरासमोर बसली असताना एक जण ‘तुझ्या हातात ही कसली लाल पिशवी?’ असे विचारतो, तेव्हा तो समोरच्याशी बोलत नसून श्रोत्याशी बोलतो आहे हे लगेच कळते. डोळ्याचे काम तोंडावर ढकलणे हा श्रुतिकालेखनातला सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ दोष आहे.

पण ह्यूजची युक्ती प्रत्येकाला वापरता येत नाही. सगळीच नाटके अंधारात घडत नाहीत. मी कबनूरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये घडणारी श्रुतिका लिहायला घेतली, तेव्हा मला नेमकी उलटी परिस्थिती मिळाली. खाणीत माणसांना ऐकू येते, दिसत नाही. शेडमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे लख्ख दिसते, पण ऐकू येत नाही. इथला कामगार चार ते आठ माग सांभाळतो. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला दांड्याचा एक फटका बसतो. असे आठ माग एकत्र चालले की सलग गडगडाट होतो. त्यात माणसे हाताच्या खुणांनी, ओठ वाचून, शिट्टी मारून किंवा कानाला तोंड लावून बोलतात. म्हणजे पात्रांचा सगळा व्यवहार डोळ्यांचा आणि श्रोता आंधळा. अशा जागेची श्रुतिका लिहायची कशी, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पहिला मोह असतो तो मागांचा आवाज भरपूर लावण्याचा. तो उपयोगाचा नाही, कारण रेडिओवर मोठा आवाज असा काही नसतोच. आवाज किती मोठा ठेवायचा ते श्रोत्याच्या हातातले बटण ठरवते. गडगडाट वाढला की तो बटण फिरवतो आणि आवाजाबरोबर संवादही बुडतात. गोंगाट दाखवायचा असेल तर तो माणसांच्या बोलण्यातून दाखवावा लागतो. मागे माग बेताच्या पातळीवर चालू ठेवले आणि नट ओरडून, तुटक, दोन-दोन शब्दांची वाक्ये बोलले, एकच गोष्ट दोनदा सांगू लागले, तर श्रोत्याच्या मनात शेड प्रचंड आवाजाने भरते. उलट माग कर्कश लावले आणि नट दिवाणखान्यातल्या सुरात बोलले, तर ती कुठेतरी शेजारी चाललेली यंत्रे वाटतात. म्हणून संहितेत ‘मागांचा मोठा आवाज’ एवढे लिहून भागत नाही. त्या आवाजात वाक्य किती लहान होते, कोणता शब्द दोनदा येतो, हे लेखकानेच लिहायला हवे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी नटांच्या कानावर हेडफोनमधून मागांचा आवाज सोडला तर त्यांचा सूर आपोआप चढतो. मात्र माग आणि माणसे वेगवेगळी मुद्रित केलेली बरी. शेडमध्ये एकदा एकत्र मुद्रित झालेले आवाज नंतर सुटे करणे फार कठीण असते.

दुसरा प्रश्न, हा आवाज ऐकतो आहे कोण? सॅम्युअल बेकेटच्या ‘ऑल दॅट फॉल’ (बीबीसी, १९५७) या श्रुतिकेचे मोठेपण मला इथे दिसते. एक थकलेली म्हातारी आपल्या आंधळ्या नवऱ्याला आणायला स्टेशनवर चालत जाते. वाटेतली गाय, मेंढी, कोंबडा यांचे आवाज निर्माते डोनाल्ड मॅकव्हिनी यांनी खऱ्या प्राण्यांचे न घेता माणसांकडून काढून घेतले. ते आवाज हुबेहूब नाहीत, आणि तसे असण्याची गरजही नव्हती. तो रस्ता म्हातारीच्या कानाने ऐकलेला आहे हे त्यातून कळते. बेकेटपासून घ्यायचा धडा असा, की ध्वनिपरिणाम लिहिताना वस्तूबरोबर कानही लिहायचा. मालकाच्या काचेच्या खोलीतून ऐकलेला माग, भिंतीपलीकडच्या घरात झोपलेल्या बाईला ऐकू येणारा माग आणि मागापाशी उभ्या कामगाराचा माग हे तीन वेगळे आवाज आहेत. संवादासाठी गडगडाट कमी करायचाच असेल, तर कान दुसरीकडे न्यावा. दार लागले, आवाज दबला आणि आपण काचेच्या खोलीत आलो, हे श्रोत्याला न सांगता समजते. काहीही कारण न घडता आवाज दबला, तर बटण फिरवणारा तंत्रज्ञ ऐकू येतो.

आता एक प्रसंग घेऊ. मालकाने शेडमधले माग भंगारात विकले आहेत. जॉबरला ही बातमी कळली आहे आणि ती त्याला कामगाराला सांगायची आहे. प्रत्यक्षात तो खुणेने सांगेल. खूण रेडिओवर दिसणार नाही, आणि कामगाराने ‘हात का हलवतोस? विकले म्हणतोस?’ असे मोठ्याने म्हणावे तर तो पुन्हा जुनाच दोष. म्हणून जॉबरला कामगाराच्या कानाशी आणले. इथे भाषेतला एक भौतिक नियम कामाला येतो. गोंगाटात स्वर टिकतात, व्यंजने बुडतात. ‘विकले’मधले ‘व’ गेले की ‘-इकले’ उरते, आणि ऐकणारा आपल्याला हवे ते व्यंजन तिथे बसवतो.

(आठ माग चालू. कान कामगाराचा. जॉबरचा आवाज अगदी जवळून, ओरडून.)
जॉबर : मालक आल्ता! मालक!
कामगार : व्हय! मग?
जॉबर : माग... (फटक्यात पहिले अक्षर बुडते) ...कले!
कामगार : टिकले? मी म्हटलंच हुतं!
जॉबर : टिकले न्हवं! आयक की...
(लाइट जाते. एकेक माग दोन-तीन फटके मारून थांबतो. शेवटचा थांबतो.)
जॉबर : (अजून ओरडतच) विकले! भंगारात विकले!
(शांतता. एक कांडी फरशीवर घरंगळत जाते.)

या तुकड्यात दृश्य सांगणारे एकही वाक्य नाही. खूण हरवली, पण खुणेच्या जागी चुकीचे ऐकणे आले, आणि त्या चुकीत कामगाराची आशा कळली. ‘टिकले’ हा शब्द त्याने स्वतः बनवलेला आहे. यात धोका एकच. ‘विकले’ हा शब्द श्रोत्याला पहिल्यांदाच स्पष्ट कळला तर पुढची शांतता वाया जाते. नटाने सहज ओरडताना एखादे अक्षर आपोआप बुडेल यावर विसंबून चालत नाही. नेमके तेच अक्षर मागाच्या फटक्याखाली ठेवावे लागते.

तिसरी गोष्ट ध्वनीच्या ओळखीची. ध्वनीलाही बोली असते. ‘खटक-खटक’ हा ठेका कबनूरच्या श्रोत्याला माग आहे, मुंबईच्या श्रोत्याला लोकल. तळणाचा आवाज आणि पावसाचा आवाज तर घरच्या माणसालाही निवडता येत नाहीत. म्हणून अनोळखी आवाजाच्या आधी त्याचे नाव पात्राच्या तोंडून, वेगळ्या निमित्ताने येऊन जावे. ‘तीन नंबरचा माग सारखा धागा तोडतोय’ हे वाक्य तक्रार म्हणून आले, की पुढचा ठेका कुणालाही लोकल वाटत नाही. आवाजानंतर त्यावर कुणाची तरी प्रतिक्रिया हवी. आधी नाव आणि नंतर प्रतिक्रिया यांच्या मध्ये ठेवलेला आवाजच घटना होतो.

माणसांची ओळख मात्र मराठीत आवाजापेक्षा भाषेने जास्त होते. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी या तिघांवर अख्खे घर उभे राहिले. त्यात ‘वहिनी’, ‘भावजी’ या हाकांचे काम मोठे होते. प्रत्येक हाक बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे एकाच शब्दात सांगते. आमच्या भागात याहून बारीक साधन हाताशी आहे. कोल्हापूरकडच्या अनेक बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात. म्हणून माझ्या श्रुतिकेत सासू ‘मी आलो’ म्हणते आणि पुण्याकडून आलेली सून ‘मी आले’ म्हणते. सून बाहेरची आहे हे कुणीही सांगत नाही. शेवटच्या प्रवेशात तीच सून शेडच्या दारातून ‘मी आलो’ म्हणते, तेव्हा किती वर्षे गेली हेही सांगावे लागत नाही.

संहिता पुरी झाली की तिची परीक्षा सोपी आहे. दोघांनी ती फोनवर वाचून मुद्रित करावी आणि गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला ऐकवावी. प्रत्येक प्रवेशानंतर तीन प्रश्न विचारावेत : आपण कुठे आहोत, इथे कितीजण आहेत, आत्ता कोण निघून गेले? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक संहिता अडतात. रंगमंचावर गप्प उभा असलेला माणूस दिसत राहतो. श्रुतिकेत तो काही वेळ बोलला नाही की नाहीसाच होतो. त्याला जिवंत ठेवायला खोकला, बांगडी, चपलेचा आवाज किंवा दुसऱ्याने घेतलेले नाव पुरते.

ह्यूजच्या खाणीकडे आता पुन्हा पाहिले, तर कबनूरची शेड तिची उलटी बाजू दिसते. त्याच्या नाटकात दिवे जातात आणि माणसे असहाय होतात. इथे लाइट जाते, दिसणे थांबते आणि रात्रभरात पहिल्यांदाच एकमेकांचे ऐकू येते. सलग चाललेला आवाज कान थोड्याच वेळात विसरतो. त्याचे थांबणे विसरत नाही. पण हे थांबणे अर्ध्या तासाच्या श्रुतिकेत एकदाच वापरता येते. दुसऱ्यांदा माग थांबले की श्रोत्याला महावितरण आठवते. म्हणून मी संहितेला बसलो तेव्हा सुरुवातीची ओळ आधी लिहिली नाही. माग कुठल्या वाक्यावर थांबणार ते आधी ठरवले आणि बाकीचे प्रवेश तिथून मागे मागे लिहीत आणले.