एका चौकोनात दोन तारखा: फोटो कॅलेंडरचं एक परीक्षण

२०२६ च्या ऑगस्टचं पान उघडा. एक तारखेला शनिवार आहे. म्हणजे पहिल्या ओळीत सहा चौकोन रिकामे आणि सातव्यात १. मग २ ते ८, ९ ते १५, १६ ते २२, २३ ते २९ अशा चार भरलेल्या ओळी. पाच ओळी संपल्या आणि ३० व ३१ अजून हातात उरल्यात.

आमच्या विभागात यंदा जे फोटो कॅलेंडर टांगलंय, त्यात या दोघांना २३ आणि २४ च्या चौकोनात कोंबलंय. मध्ये तिरकी रेघ, वर २३, खाली ३०. शेजारी २४ आणि ३१. मे महिन्यातही तेच, तिथे २४ आणि ३१ एकत्र नांदतात. ही पद्धत काही नवी नाही. पण कॅलेंडर बनवणाऱ्याला तिचं कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "फोटो मोठा हवा ना, मग जागा कुठून आणायची?" हे उत्तर मोजपट्टी लावून तपासता येतं, म्हणून तपासलं.

कागद ए३, उभा. म्हणजे २९७ मिमी रुंद आणि ४२० मिमी उंच. कॅमेऱ्याचा नेहमीचा आडवा फोटो ३:२ प्रमाणातला असतो. तो कागदाच्या पूर्ण रुंदीवर छापला तर उंची होते १९८ मिमी. खाली उरतात २२२ मिमी. त्यातून वरच्या तारेच्या बांधणीला १५, महिन्याच्या नावाला २२, वारांच्या पट्टीला १० आणि तळाच्या समासाला १० मिमी काढा. तारखांच्या तक्त्यासाठी १६५ मिमी मिळतात. पाच ओळी केल्या तर प्रत्येक ओळ ३३ मिमी उंच. सहा केल्या तर साडेसत्तावीस.

म्हणजे फरक साडेपाच मिमीचा आहे, आणि फोटोला एका मिमीचाही धक्का लागलेला नाही. दोन्ही बाजूंना १० मिमी समास सोडला तर चौकोनाची रुंदी साधारण ३९.६ मिमी येते. तिरकी रेघ मारलेल्या चौकोनात प्रत्येक तारखेच्या वाट्याला साडेसहा चौरस सेंमीचा त्रिकोण येतो. सहा ओळी केल्या असत्या तर प्रत्येक तारखेला जवळपास अकरा चौरस सेंमीचा सरळ चौकोन मिळाला असता. जागा होती. ती वाटली गेली नाही.

"वर्षातून एखाददुसऱ्या महिन्यासाठी कशाला सगळा आराखडा बदलायचा?" हा पुढचा बचाव. आठवडा रविवारी सुरू होत असेल, तर ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू झाला, किंवा ३० दिवसांचा शनिवारी, की सहा ओळी लागतातच. आता गंमत बघा. ३१ दिवसांचे सात महिने कोणत्याही वर्षी सहा वेगवेगळ्या वारांना सुरू होतात, फक्त एकच वार सुटतो. लीप वर्षातही तसंच. एकच वार सुटणार असेल तर शुक्रवार आणि शनिवार दोन्ही एकदम सुटू शकत नाहीत. म्हणजे सहा ओळींचा निदान एक महिना नाही असं वर्षच नसतं. हा अपवाद नाही, दरवर्षी येणारा पाहुणा आहे. त्याची सोय आधीच करायला हवी. पटत नसेल तर पायथनमध्ये चार ओळी चालवून बघा:

```python
import calendar
c = calendar.Calendar(firstweekday=6)
for m in range(1, 13):
    print(m, len(c.monthdayscalendar(2026, m)))
```

२०२६ साठी फेब्रुवारीला ४, मे आणि ऑगस्टला ६, बाकी सगळ्यांना ५ असं उत्तर येतं. माझं मत असं की तक्ता बाराही महिने सहा ओळींचाच ठेवावा. फेब्रुवारीत दोन ओळी रिकाम्या राहतील, तर राहू देत. तिथे टिपणं लिहिता येतात. उलट दर महिन्याला ओळींची उंची बदलली की पानं उलटताना तारखा वरखाली सरकतात आणि नजरेला दरवेळी नव्याने शोधावं लागतं.

हे सगळं एवढं महत्त्वाचं का? कारण भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचायचं असतं आणि जवळ जाऊन त्यावर लिहायचं असतं. ६/६ दृष्टी असलेल्या माणसाला अक्षर ओळखायला त्याची उंची डोळ्याशी ५ कला इतका कोन करणारी लागते (एका अंशाच्या साठ कला). दोन मीटरवर ही उंची जेमतेम ३ मिमी भरते. पण ती झाली मर्यादा. सहज दिसायला तिप्पट, म्हणजे ९-१० मिमीचा आकडा हवा. त्रिकोणात बसवताना आकडा निम्मा होतो, आणि चष्मा शोधणाऱ्या आजीला ३० तारीख दिसतच नाही. लिहिण्याचं तर बोलायलाच नको. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी हे सगळं चौकोनातच लिहिलं जातं. त्रिकोणात लिहिलेला खाडा २४ चा की ३१ चा, यावरून महिन्याच्या हिशेबात वाद होतो, आणि तोही नेमका महिनाअखेरीच्या तारखांवर.

आता सुट्ट्यांकडे येऊ. या कॅलेंडरात रविवार लाल, सार्वजनिक सुट्टी लाल आणि सणही लाल. २८ ऑगस्टची राखी पौर्णिमा लाल छापलीय, पण राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत ती नाही. वाचणाऱ्याला प्रश्न एवढाच असतो: त्या दिवशी ऑफिस, बँक बंद आहे का? एकाच रंगाला तीन अर्थ दिले की त्याचं उत्तर मिळत नाही. शिवाय लाल-हिरवा रंगदोष असलेल्यांपैकी काहींना लाल रंग गडद, काळ्याच्या जवळ जाणारा दिसतो. पांढऱ्यावर काळा आकडा आणि लाल आकडा त्यांना जवळपास सारखेच. म्हणून सुट्टीच्या चौकोनाला फिकट रंगाची पार्श्वभूमी द्यावी आणि आकडा ठळक करावा. सणाचं नुसतं नाव लिहावं. नावांसाठी जागाही राखावी लागते: १ मे २०२६ ला महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा एकाच दिवशी आहेत. तपासणी सोपी आहे. पानाची कृष्णधवल झेरॉक्स काढा. सुट्ट्या तरीही सापडल्या तर काम झालं.

एक अडचण मात्र छापील कॅलेंडराला पूर्णपणे सोडवता येत नाही. २०२३ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी आधी २८ सप्टेंबरला होती. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आली, म्हणून राज्य सरकारने ती २९ ला नेली. तोवर कॅलेंडरं भिंतीवर लागून नऊ महिने झाले होते. चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या सुट्ट्यांचंही तसंच. यंदाची २६ ऑगस्टची ईद-ए-मिलाद त्यातलीच. अशा चौकोनांना भरीव रंगाऐवजी नुसती तुटक किनार दिली, तर "ही तारीख हलू शकते" एवढं तरी पानच सांगेल.

फोटोबद्दल तक्रार नाही. ऑगस्टच्या पानावरचा धबधबा सुरेख आहे आणि १९८ मिमी उंचीला तो शोभतो. फक्त त्याच्या नावाखाली ३० आणि ३१ तारखेची जी कोंडी केलीय, तिची जबाबदारी धबधब्याची नाही. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर विकत घ्यायच्या आधी जानेवारीचं पान सोडा आणि थेट जानेवारी, मे, ऑक्टोबर चाळण्याऐवजी एकच गोष्ट शोधा: शनिवारी किंवा शुक्रवारी सुरू होणारा ३१ दिवसांचा महिना. तिथे ३१ ला स्वतःचा चौकोन मिळालाय का, तेवढं बघा.