पॅसेजमधली डबी आणि खोलीतला नॉब

रेडिएटरच्या एका टोकाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक जाडसर पांढरा नॉब असतो. त्यावर बर्फाचं चांदणीसारखं चिन्ह आणि पुढं १ ते ५ आकडे. भारतातून ब्रिटनमध्ये आलेलं कुटुंब भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिल्या थंडीला सामोरं जातं, तेव्हा या नॉबकडे पंख्याच्या रेग्युलेटरच्या नजरेनं पाहतं. खोली गारठली आहे ना, मग करा पाचवर! पण पाचवर नेल्यानं बॉयलरमधलं पाणी जास्त तापत नाही. गारठलेल्या खोलीत तीनवरही झडप जवळजवळ पूर्ण उघडी असते. फरक पडतो तो कुठं थांबायचं यात. तीनवर ठेवलं तर खोली साधारण २० अंशांना आली की झडप मिटते. पाचवर ती २८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत मिटायचं नाव घेत नाही.

हा नॉब मला फार आवडतो. त्याला वायर नाही, सेल नाही. आत एक छोटी बंद कुपी असते, तिच्यात मेण किंवा द्रव भरलेला. खोलीतली हवा तापली की तो फुगतो आणि झडपेची बारीक पिन आत दाबतो, गरम पाण्याची वाट अरुंद होत जाते. हवा निवली की कुपी आक्रसते, स्प्रिंग पिनेला वर ढकलते, वाट पुन्हा मोकळी. नॉब फिरवताना आपण ठरवतो ते एवढंच, की कुपीनं किती फुगल्यावर पिन दाबायची. मॅड्स क्लॉसेन या डॅनिश अभियंत्यानं १९४३मध्ये ही युक्ती काढली. त्यानंतर तिच्यात मुळातून बदलावं असं फारसं काही उरलं नाही, यातच तिची गुणवत्ता आली.

दुसरं पात्र पॅसेजच्या भिंतीवर असतं : थर्मोस्टॅटची डबी. ती पॅसेजमधल्या हवेचं तापमान बघते आणि बॉयलरला 'चालू' किंवा 'बंद' एवढंच सांगते. आतल्या खोल्यांत काय चाललंय ते तिला कळत नाही. आणि खोल्यांमधल्या नॉबना बॉयलर चालू आहे की बंद, याचा पत्ता नसतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, तरी घर एका सुरात राहावं, अशी ही रचना आहे. तिचा सूर कसा बिघडतो हे लीड्समध्ये माझ्या भाच्याच्या घरी जवळून पाहायला मिळालं.

घरात भाचा, सूनबाई, शाळेत जाणारी नात आणि माझी बहीण. फ्लॅट पहिल्या मजल्यावरचा, स्वयंपाकघराचं दार थेट पॅसेजमध्ये उघडणारं. पॅसेजची डबी २० वर. संध्याकाळी बहीण भाकऱ्या करायला उभी राहायची, तव्याची धग पॅसेजमध्ये यायची आणि डबी समाधान पावून बॉयलर बंद करायची. निजायच्या खोलीचं दार मात्र लावलेलं, तिथं १६-१७ अंश. "अरे, हे यंत्र आपल्याला फसवतंय," बहिणीचं ठाम मत. मग कुणीतरी डबी २५ वर नेली आणि खोल्यांतले नॉब पाचवर.

पुढचं नाट्य रात्री. स्वयंपाक आटोपला, पॅसेज निवला, डबीला आता २५ हवेत, म्हणून बॉयलर तासन्‌तास चालू. पाचवरच्या नॉबनी वाट अडवली नाही, निजायची खोली उकडू लागली. सूनबाईनं खिडकी उघडली. खिडकीखालीच रेडिएटर, त्याच्या टोकाला नॉब. बाहेरची हवा थेट कुपीवर पडली, कुपीनं आक्रसून झडप सताड उघडली. आता गॅस जाळून रस्ता तापवणं चालू! यंत्र यात कुठंही चुकलेलं नाही, प्रत्येक भागानं नेमून दिलेलं काम अगदी इमानानं केलं.

यातली आणखी एक बारीक गोष्ट पॅसेजमधल्या रेडिएटरची. त्याला आकड्यांचा नॉब नव्हता, दोन्ही टोकांना साध्या टोप्या होत्या. नातीनं एक टोपी गरागरा फिरवून पाहिली, काहीच झालं नाही. होणारही नव्हतं. ती लॉकशील्ड झडपेची टोपी, वरचेवर कुणी हात घालू नये म्हणून नुसती फिरणारी. खरी दांडी तिच्या आत असते आणि ती पान्यानं फिरवतात. या रेडिएटरला नॉब नसण्यामागं विचार आहे. ज्या जागी डबी, तिथं वाट अडवणारी झडप नको. समजा तिथला नॉब दोनवर असता आणि डबी २० वर. नॉबनं पॅसेज १६ अंशांनाच रोखला असता, डबी विसाची वाट पाहत बसली असती आणि बॉयलरला थांबायची सूचना कधी मिळालीच नसती.

घरमालकाला विचारून भाच्यानं हीटिंगवाल्याकडून तीच दांडी थोडी बंद करून घेतली, म्हणजे पॅसेज सगळ्यांत शेवटी तापेल आणि तोवर खोल्यांना गरम पाणी मिळत राहील. डबी पुन्हा २० वर. बैठकीचा नॉब तीनवर, निजायच्या खोल्यांचे अडीचच्या आसपास. भाकऱ्यांच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आणि पंखा चालू. एवढ्यानं घर जागेवर आलं.

बहिणीला पटायला मात्र वेळ लागला, कारण ती रेडिएटरला हात लावून पाहायची. "बघ, कोमट पडलाय, बिघडला." खोली हव्या त्या तापमानाला आली की रेडिएटर कोमट पडतो, हेच तर त्याचं काम चोख असल्याचं लक्षण. शंका असेल तर नॉब पाचवर नेऊन काही मिनिटं थांबावं. रेडिएटर तापू लागला तर सगळं ठीक. बॉयलर चालू आहे, बाकीच्या खोल्या तापल्यात आणि हा एकटाच गार, तर बहुधा पिन अडकली आहे. वरचा अर्धा भाग गार आणि खालचा गरम, तर आत हवा साठलीय. ती काढायला छोटी चावी असते : हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्यायचा, चावी किंचित फिरवायची, फुस्स आवाज संपून पाण्याचे थेंब आले की लगेच बंद. मग बॉयलरवरचा दाब पाहायचा, गार असताना तो एक ते दीड बारच्या दरम्यान असावा. खालचा भाग गार असेल तर तळाशी गाळ आहे, ते काम घरमालकाचं.

ओले टॉवेल रेडिएटरवर वाळत घालायचा मोह मात्र सगळ्यांनाच होतो. टॉवेलाखाली नॉब झाकला गेला की त्या कोंडलेल्या उबेत कुपी फुगते आणि खोली गार असतानाच झडप मिटते. लांब पडदा किंवा चिकटून ठेवलेला सोफाही हेच करतो. शिवाय टॉवेलातलं पाणी बाहेरच्या गार भिंतीवर जाऊन बसतं आणि कपाटामागं काळी बुरशी धरते.

उन्हाळ्यात हीटिंग बंद करताना खोल्यांमधले नॉब पाचवर ठेवावेत. मिटलेली झडप महिनोन्‌महिने तशीच राहिली तर पिन दाबलेल्या जागीच धरून बसते आणि ऑक्टोबरात पहिल्या थंडीला नेमकी तीच खोली तापत नाही. तसं झालंच, तर नॉब उतरवून पिन सपाट वस्तूनं हलकेच आत दाबून सोडायची. ती आपसूक वर आली पाहिजे. पकडीनं ओढायला जाऊ नये. पिन उपसून आली, तर खोलीभर काळं पाणी.