नफाच बाहेर दिला तर? हार्ट-स्मिथ यांचा निबंध वाचताना

आउटसोर्सिंगवर संशोधन करायचं म्हणून जे प्रस्ताव येतात, त्यातल्या बऱ्याच प्रस्तावांत पहिल्याच पानावर गोंधळ असतो. आउटसोर्सिंग आणि ऑफशोरिंग हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरलेले असतात. म्हणून बोइंगमधले अभियंते जॉन हार्ट-स्मिथ यांनी फेब्रुवारी 2001 मध्ये मांडलेल्या एका निबंधाबद्दल लिहितो आहे. 'आउटसोर्स्ड प्रॉफिट्स' असं त्याचं नाव. कंपनीच्याच अंतर्गत परिसंवादात एका नोकरदार अभियंत्याने कंपनीच्या धोरणावर केलेली ही टीका. ती वाचायलाच हवी, पण डोळे झाकून उद्धृत करू नये.

आधी शब्द नीट करून घेऊ. आउटसोर्सिंगमध्ये प्रश्न असतो काम *कोण* करतं याचा: आपली कंपनी की दुसरी? ऑफशोरिंगमध्ये प्रश्न असतो काम *कुठे* होतं याचा: देशात की देशाबाहेर? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यामुळे उत्तरांच्या चार जोड्या होतात. बोइंगचं 787 हे विमान घ्या. त्याचा पुढचा भाग अमेरिकेतच, विचिटा इथे स्पिरिट ही कंपनी बनवायची. हा कारखाना 2005 पर्यंत बोइंगचाच होता, मग विकला. माणसं तीच, शहर तेच, मालक बदलला. म्हणजे आउटसोर्सिंग झालं, ऑफशोरिंग नाही. बोइंगचं बेंगळुरूमधलं स्वतःचं अभियांत्रिकी केंद्र याच्या बरोबर उलट: देश बदलला, मालक नाही. 787 चे पंख मित्सुबिशी जपानमध्ये बनवते आणि केबिनच्या फरशीखालच्या तुळया टाटा समूहाच्या नागपूरच्या मिहानमधल्या कारखान्यात बनू लागल्या. इथे दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. चौथी जोडी म्हणजे सिएटलजवळ एव्हरेट इथल्या बोइंगच्या स्वतःच्या कारखान्यात 2021 पर्यंत होत असलेली अंतिम जुळणी: मालकही तोच, देशही तोच.

आता हार्ट-स्मिथ काय म्हणतात ते बघू. कंपन्या काम बाहेर का देतात, याचं पाठ्यपुस्तकी उत्तर 'खर्च कमी होतो' असं असतं. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. वरिष्ठ व्यवस्थापन एका गुणोत्तरावर लक्ष ठेवून असतं: निव्वळ मालमत्तेवरचा परतावा, म्हणजे नफा भागिले मालमत्ता. हे गुणोत्तर वाढवायचे दोन मार्ग आहेत. एक, नफा वाढवा. दुसरा, मालमत्ता कमी करा. दुसरा फारच सोपा.

समजण्यासाठी माझंच काल्पनिक उदाहरण देतो. एका कंपनीची मालमत्ता 1000 कोटी आणि नफा 100 कोटी, म्हणजे परतावा 10 टक्के. तिने 600 कोटींचे कारखाने विकले आणि आलेला पैसा भागधारकांना वाटून टाकला. तेच सुटे भाग आता ती पुरवठादाराकडून घेते. पुरवठादार स्वतःचा नफा किमतीत धरणारच, म्हणून कंपनीचा नफा 60 कोटींवर आला. पण मालमत्ता उरली 400 कोटी. परतावा झाला 15 टक्के! नफा 40 कोटींनी घटला आणि कागदावर कंपनी सुधारली. शीर्षकातला टोमणा हाच आहे, कामाबरोबर नफाही बाहेर गेला.

त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनले, तरी जोडले जातात एकाच ठिकाणी. ते नीट बसले नाहीत, तर त्याचा खर्च जोडणाऱ्याच्या माथी येतो. पुरवठादाराच्या बिलात तो कधीच दिसत नाही. पूर्वीच्या डीसी-10 विमानाच्या वेळी पुरवठादारांनी नफा कमावला आणि वाढीव खर्च डग्लस कंपनीने सोसला, हा त्यांचा दाखला. म्हणून ते म्हणतात की काम बाहेर दिलं तरी तिथे आपली माणसं, तपासणी आणि तांत्रिक मदत ठेवावीच लागते, आणि तो खर्च आधीच हिशेबात धरावा.

पुढे 787 च्या बाबतीत काय झालं ते सर्वांना माहीत आहे. जुलै 2007 मध्ये विमान थाटात लोकांसमोर आणलं, तेव्हा त्यात कितीतरी ठिकाणी तात्पुरते फास्टनर ठोकलेले होते. पुरवठादारांकडून अर्धवट भाग येत होते आणि त्यांचं उरलेलं काम एव्हरेटमध्ये करावं लागत होतं. मे 2008 मध्ये मिळायचं पहिलं विमान ग्राहकाला सप्टेंबर 2011 मध्ये मिळालं. दरम्यान 2009 मध्ये बोइंगने व्हॉट या पुरवठादाराचा साउथ कॅरोलायनातला कारखाना विकतच घेतला. पुढे 2024 मध्ये स्पिरिटलाही परत घेण्याचा करार केला. जिम अल्बॉ हे बोइंगच्या प्रवासी विमान विभागाचे प्रमुख होते, त्यांनीही 2011 मध्ये जाहीरपणे कबूल केलं की काम बाहेर देण्यात अति झालं.

मग हार्ट-स्मिथ बरोबर ठरले, विषय संपला? इथेच संशोधकाने थांबायला हवं. माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला, विलंबाची सगळी कारणं आउटसोर्सिंगमध्ये सापडत नाहीत. 2008 च्या संपात बोइंगचे स्वतःचे कामगार जवळपास दोन महिने बाहेर होते. 2009 मध्ये पंख आणि धड जिथे जुळतात तिथे मजबुती कमी पडली, तो मुळात रचनेचा प्रश्न होता. शिवाय धडाचे एवढे मोठे भाग कार्बन फायबरचे बनवणं हेच नवीन होतं. सगळं काम घरात ठेवलं असतं तर किती उशीर झाला असता, हे आपल्याला दिसत नाही. एका उदाहरणावरून कारण सिद्ध होत नाही, ते फक्त शक्य कोटीतलं ठरतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हा निबंध सगळ्या आउटसोर्सिंगला जवळपास एकाच मापाने मोजतो. पण इंजिनाचं काय? बोइंग इंजिन बनवत नाही. 787 साठी जनरल इलेक्ट्रिक आणि रोल्स-रॉइस असे दोन पर्याय आहेत, आणि इंजिन बाहेर दिलं म्हणून कोणी बोइंगला दोष देत नाही. फरक कुठे आहे? इंजिन आणि पंख यांच्यातला सांधा स्पष्टपणे लिहून देता येतो. इंजिनाची स्वतंत्र चाचणी होते. त्यामुळे चूक कोणाची हे ठरवता येतं. धडाच्या दोन भागांचं तसं नाही. रचना अजून बदलत असताना एका भागातला बदल शेजारच्या भागाला लागतोच, आणि दर बदलाला करार पुन्हा उघडावा लागतो.

इथे रोनाल्ड कोस यांचा 1937 चा प्रश्न कामाला येतो: बाजारातून सगळं घेता येत असेल तर कंपनी असतेच कशाला? कारण बाजारातून घेण्यालाही खर्च येतो: शोधणं, करार करणं, तपासणं, भांडण सोडवणं. ऑलिव्हर विल्यमसन यांनी पुढे दाखवलं की एकाच ग्राहकाच्या उपयोगाचे साचे आणि यंत्रं लागत असतील, तर दोघेही एकमेकांत अडकतात. व्हॉटचा कारखाना 787 सोडून कोणाला उपयोगी होता? बोइंगने तो विकत घेतला यात मग आश्चर्य उरत नाही.

हार्ट-स्मिथ गुणोत्तराचा मोह उघडा पाडतात, पण कुठला सांधा बाहेर द्यावा आणि कुठला नाही, हे सांगायला त्यांचं माप पुरत नाही. तुमच्या प्रस्तावात म्हणून तीन रकाने वेगळे ठेवा: मालक कोण, जागा कुठे, आणि सांधा लिहून देता येतो का. 787 चं अपयश 'परदेशात काम दिल्याचं' म्हणून मांडणाऱ्यांना एवढंच विचारा: व्हॉटचा कारखाना कुठल्या देशात होता?