चाळीस चोऱ्या आणि चार बाटल्या पाणी

‘फॉलआउट ३’ (२००८) खेळताना एक हिशोब मुद्दाम करून बघा. लोकांच्या घरांतून, कुणाचंही लक्ष नसताना, चाळीस वस्तू चोरा. प्रत्येक चोरीला कर्मा ५ ने घसरतो, म्हणजे एकूण उणे २००. मग मेगाटन गावाच्या दाराबाहेर बसलेल्या मिकी या भिकाऱ्याला शुद्ध पाण्याच्या चार बाटल्या द्या. बाटलीमागे ५० मिळतात, म्हणजे अधिक २००. बेरीज शून्य. आता हा गेम तुम्हाला आणि काहीच न केलेल्या माणसाला एकाच मापाने मोजतो.

ही नुसती गंमत नाही. माझ्या मते कर्मा पद्धतीचा खरा दोष इथेच सापडतो. कर्मा हा एकच आकडा आहे, उणे १००० ते अधिक १०००. तो चित्रगुप्ताच्या वहीसारखा चालतो: चोरी कुणी पाहिली नाही तरी नोंद होते, आणि ती नोंद दूरच्या गावातल्या माणसालाही ‘माहीत’ असते. पण चित्रगुप्त निदान पाप आणि पुण्य वेगळं लिहितो. इथे दोन्ही एकाच ओळीत वजा होतात.

एनपीसी हा आकडा कसा वाचतो, ते पडताळण्याची सोपी रीत सांगतो. पीसीवर एक सेव्ह ठेवा, कन्सोल उघडा आणि फक्त कर्मा बदला:

```
player.getav karma
player.rewardkarma -300
```

आता मेगाटनमधल्या जेरिकोकडे जा. सरळ माणसाबरोबर तो येत नाही. कर्मा उणे २५० च्या खाली गेला की १००० कॅप्स घेऊन यायला तयार होतो. या सेव्हमध्ये तुम्ही शून्यावर असाल तर कुठलंही नवं वाईट काम न करता जेरिकोच्या लेखी ‘आपल्यातले’ झालात. तो तुमची कृत्यं वाचत नाही, आकडा वाचतो. म्हणून पेपरमध्ये ‘एनपीसी खेळाडूच्या नैतिकतेला प्रतिसाद देतात’ असं वाक्य लिहाल तेव्हा जरा थांबा. नेमका कोणता एनपीसी, कोणता आकडा आणि कुठल्या संवादात वाचतो, ते आधी लिहा. बाकीचे बरेचसे तर काहीच वाचत नाहीत.

‘फॉलआउट: न्यू वेगास’ (२०१०) मध्ये कर्मा उरला आहे, पण वजन गेलं आहे गटांच्या प्रतिमेकडे. प्रत्येक गटाकडे तुमची दोन खाती असतात, कीर्तीचं वेगळं आणि बदनामीचं वेगळं. कीर्ती वाढली म्हणून बदनामी कमी होत नाही. दोन्ही खात्यांच्या पायऱ्या एकमेकींसमोर मांडल्या की सोळा घरांचा तक्ता होतो. वर केलेली गंमत इथे चालणार नाही: मदतही केली आणि त्रासही दिला, तर तुम्ही ‘अनोळखी’च्या घरात परतत नाही, ‘संमिश्र’ प्रतिमेच्या घरात जाता. आपल्याकडेही गावात ज्याने देवळाला देणगी दिली आणि शेजाऱ्याचा बांधही कोरला, त्याला कुणी ‘परका’ म्हणत नाही. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात.

आणखी एक फरक म्हणजे बाजू घेण्याची किंमत. सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्ज गावात रिंगो नावाचा व्यापारी लपलेला असतो आणि जो कॉब त्याच्या मागावर असतो. गावाच्या बाजूने लढलात तर गावात नाव होतं, पण पावडर गँगर्सशी वैर येतं. एकच कृत्य, दोन वह्यांत दोन उलट नोंदी. कर्मा हे करूच शकत नाही, कारण त्याच्याकडे ‘कुणाच्या नजरेत?’ हा प्रश्नच नाही.

तरी या पद्धतीचं फार कौतुक करू नका. तक्त्यात सोळा घरं असली तरी रस्त्यावरचा सैनिक बहुतेक वेळा एवढंच तपासतो की गोळी घालायची की नाही. बातमीलाही अंतर नाही. एका चौकीवर जे केलं ते दुसऱ्या टोकाच्या चौकीला त्याच क्षणी कळतं. ‘स्कायरिम’ (२०११) मध्ये गुन्ह्याचा शेवटचा साक्षीदार मारला की डोक्यावरचं बक्षीस उतरतं. ते क्रूर आहे, पण निदान माहिती कुणाकडे तरी असावी लागते, हे तिथे मान्य आहे.

सगळ्यात बोलकी जागा मात्र वेगळी आहे. न पुसणारी बदनामी हा ‘न्यू वेगास’चा नियम, आणि तो गेमलाच पेलत नाही. लीजनची कितीही माणसं मारलेली असोत, टॉप्स कॅसिनोत बेनीला गाठून बाहेर पडलात की लीजनचा दूत सीझरचं आमंत्रण घेऊन येतो आणि लीजनकडची तुमची बदनामी पुसली जाते. हा दूत वल्पस इनकल्टा असतो. निप्टनमध्ये तुम्ही त्यालाच मारला असेल, तर अलेरिओ नावाचा दुसरा येतो आणि तीच माफी देतो. कारण उघड आहे, माफी नसेल तर मुख्य कथेची एक अख्खी वाट बंद होईल. म्हणजे गटाची आठवण कुठवर टिकेल हे शेवटी त्या गटाच्या स्वभावावर ठरत नाही, पटकथेला तुमची गरज कधी आहे त्यावर ठरतं.